ढोबसा आणि ढोबशी

झाशीच्या दतिया गेटजवळ आमच्या एका लांबच्या काकूंचं घर आहे. त्यांच्या सासरचे लोक पेशवाईच्या वेळी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलली जाते. उंबरा ओलांडला की हिंदी, आणि हिंदीच्या पोटात बुंदेली. काकूंचा नातू नऊ वर्षांचा आहे. तो दोन्ही भाषा इतक्या सहज बदलतो की आपण कधी कोणती बोलतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. गेल्या खेपेला मी त्यांच्याकडे दोन दिवस होते. दुपारी वीज गेली, करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून आम्ही ओट्यावर बसून एक खेळ सुरू केला. मी एक खोटा शब्द सांगायचा आणि त्याने ठरवायचं की हा मराठीत असू शकेल की नाही.

पहिला शब्द दिला ‘टोभूळ’. तो म्हणाला, ‘‘असेल. झाड असेल काहीतरी. आजी, टोभूळ म्हणजे काय गं?’’ मग त्याच शब्दातली अक्षरं उलटसुलट करून मी म्हटलं ‘ळोभूट’. तो खदखदून हसला. ‘‘असं कुठे असतं का!’’

दोन्ही शब्द आपल्या रोजच्या मराठीत नाहीत. दोन्हींत तेच तीन वर्ण आहेत, स्वरही तेच आहेत. तरी एकाचा अर्थ आजीला विचारावासा वाटतो आणि दुसऱ्यावर हसू येतं. ‘टोभूळ’ नाही तो केवळ कुणी वापरला नाही म्हणून. बाभूळ, तांदूळ, गांडूळ यांच्या ओळीत तो बसला असता तर कुणाला खटकलं नसतं. ‘ळोभूट’ नाही तो मात्र मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाहीत म्हणून. अशी दुसरी जागा कितीही शब्द जन्माला आले तरी रिकामीच राहील. पहिलीला योगायोगाने रिकामी जागा म्हणू, दुसरीला नियमाने रिकामी जागा.

भाषाविज्ञानात ही जोडी प्रसिद्ध झाली ती इंग्रजीतल्या एका उदाहरणाने. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी 1965 साली तीन शब्द शेजारी ठेवले : ब्रिक, ब्लिक, ब्निक. ‘ब्रिक’ म्हणजे वीट, ती आहेच. ‘ब्लिक’ नाही, पण उद्या एखाद्या साबणाचं नाव म्हणून आला तर चालेल. ‘ब्निक’ नाही आणि चालणारही नाही, कारण इंग्रजी शब्दाच्या आरंभी ‘ब’ला लागून ‘न’ येत नाही. हे इंग्रजी बोलणाऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी त्याला ते ठाऊक असतं. त्यांचा मुद्दा हा होता, की भाषा येणं म्हणजे त्या भाषेतले शब्द येणंच नव्हे, तर तिच्यात कोणते शब्द असू शकतात हेही येणं.

‘ळ’चं उदाहरण तसं सोपं. कुठल्याही कोशात ‘ळ’चं पान उघडलं की कळतं. ज्या जागा सरळ दिसत नाहीत त्या जास्त गमतीच्या. आणि अशीच एक जागा झाशीच्या नावातच आहे, हे त्या ओट्यावर बसून माझ्या लक्षात आलं.

समोरून रिक्षावाले ओरडत होते, ‘‘झाँसी टेसन, झाँसी टेसन.’’ काकू आतून म्हणत होत्या, ‘‘झाशीला आता पूर्वीसारखं पाणी येत नाही.’’ गाव एकच. त्यांच्या तोंडी ‘सी’, आमच्या तोंडी ‘शी’. मराठी माणसाने हे नाव ‘झाशी’ का केलं? ‘स’ काय त्याला म्हणता येत नव्हता? सागर गेटला आम्ही सागरच म्हणतो, शागर म्हणत नाही.

उत्तर शोधायला एक साधा तक्ता करावा लागतो. शेवटी ‘आशी’ येणारे दोन अक्षरी शब्द घ्या आणि पहिलं व्यंजन बदलत जा. काशी आहे. खाशी आहे : खाशी स्वारी. झाशी आहे. ताशी आहे : ताशी चाळीस किलोमीटर. पाशी आहे : माझ्यापाशी. फाशी, माशी, राशी, वाशी आहेत. मग गाशी? नाही. टाशी? नाही. ढाशी, भाशी, हाशी? रोजच्या मराठीत यांतलं काही नाही. पण का नाही, याला कारणही नाही. उद्या कुणी एखाद्या भांड्याला ‘टाशी’ म्हणालं तर आपण विचारू ती केवढी असते. ही ‘टोभूळ’च्या जातीची, योगायोगाची रिकामी जागा.

आता शेजारची ओळ भरा, ‘आसी’ची. कासी, खासी, तासी, पासी, फासी, मासी, रासी... सगळी ओळ ओसाड. एक ‘दासी’ तेवढी उभी आहे, तिच्याकडे नंतर येऊ. एखाददुसरं घर रिकामं असेल तर योगायोग म्हणता येतो. वरच्या ओळीत अर्धी घरं भरलेली असताना खालची गल्लीच्या गल्ली रिकामी असेल, तर तिथे राहायला बंदी आहे असं समजावं. योगायोग आणि नियम यांतला भेद ओळखण्याची पहिली खूण हीच. एकट्या शब्दाकडे पाहून काही कळत नाही. त्याची भावंडं आहेत का, हे पाहावं लागतं.

दुसरी खूण जास्त बोलकी आहे. बंदी खरी असेल, तर एखादा शब्द त्या जागेत जाऊ लागताच भाषा त्याला अडवेल, आपलं रूप बदलून जायला लावेल. मराठीत हे दिवसातून शंभर वेळा घडतं. असा मुलगा, अशी मुलगी. कसा, कशी. तसा, तशी. खासा, खाशी. ‘काळा’ची ‘काळी’ होते, फक्त स्वर बदलतो. ‘असा’ची मात्र ‘असी’ होत नाही, स्वराबरोबर व्यंजनही बदलतं. तास, पण ताशी. म्हैस, पण म्हशी. घूस, पण घुशी. सोसणारा तो सोशिक, ठासून भरलेलं ते ठाशीव. प्रत्येक ठिकाणी ‘स’च्या मागून ‘इ’ किंवा ‘ई’ आली, की ‘स’ आपली जागा सोडून ‘श’ होतो.

हे तोंडात घडतं कसं, ते स्वतःच करून पाहता येतं. ‘स’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे असतं आणि हवा तिथून बारीक शीळ घातल्यासारखी जाते. ‘ई’ म्हणताना जिभेचा मधला भाग उचलून टाळूजवळ येतो. ‘सी’ म्हणायचं तर जिभेला आधी पुढे टोकावर आणि लगेच मागे टाळूकडे जावं लागतं. ती आळस करते. ‘ई’ येणार हे ठाऊक असल्याने आधीच टाळूकडे सरकते, हवेची फट मागे जाते, शिळेचा सूर खाली उतरतो आणि ऐकू येतो तो ‘श’. सगळ्या जगाच्या जिभा अशाच असल्यामुळे हा प्रकार आणखीही ठिकाणी सापडतो. जपानी वर्णमालेत ‘स’ची बाराखडी सा, शि, सु, से, सो अशी जाते. ‘सि’ नाहीच. सिनेमाला जपानी माणूस ‘शिनेमा’ म्हणतो. आमच्याकडे गावोगाव ‘शिनेमा’च म्हणत होते, आणि शहरातले लोक त्यांना हसत होते.

पण जीभ आळस करते म्हणून नियम होतो असं म्हणावं, तर हिंदीवाल्याची जीभही तीच आहे. तो ‘झाँसी’ म्हणतोच की. म्हणून जिभेचा कल हे अर्धंच कारण झालं. तो कल भाषेने केव्हा तरी कायदा म्हणून स्वीकारला का, हे दुसरं अर्धं कारण, आणि ते इतिहासात असतं.

संस्कृतात श, ष, स असे तीन ऊष्म वर्ण होते. महाराष्ट्री प्राकृतात ते तिन्ही मिळून एकच ‘स’ उरला. मराठीचे घरगुती शब्द याच अवस्थेतून आले. शर्करेची साखर झाली, शुष्कचं सुकं झालं, श्वशुराचा सासरा झाला. ‘श’ गेला तो गेलाच. आणि मग मराठीने ‘इ’ आणि ‘ए’च्या आधी तो नव्याने घडवला. शृंगाचं प्राकृतात ‘सिंग’ झालं होतं, मराठीत ते ‘शिंग’ झालं. संस्कृतातही ‘श’, मराठीतही ‘श’, तेव्हा हा वारसा असावा असं वाटतं. पण वारसा असता तर साखरेलाही ‘श’ मिळाला असता. खरी साक्ष देतात ते शब्द ज्यांत संस्कृतातही ‘स’च आहे. सीव्यति म्हणजे शिवतो. हिंदीने ‘सीना’ ठेवलं, मराठीने ‘शिवणे’ केलं. सीमेची झाली शीव, गावाची शीव. मुंबईतलं शीव स्टेशनही तेच. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने मराठीच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, तो 1920 साली निघाला. वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. मराठी ध्वनींची अशी वंशावळ कुणाला सविस्तर पाहायची असेल तर अजूनही तिथूनच सुरुवात करावी लागते.

हिंदीशी जोड्या लावत बसलं तर संध्याकाळ पुरत नाही. काकू आणि मी लावत होतो. मौसी–मावशी. सीखना–शिकणे. सेठ–शेट. तुलसी–तुळशी. अलसी–अळशी. खलासी–खलाशी. अस्सी–ऐंशी. फाँसी–फाशी. ‘फाँसी’वर काकू थांबल्या. ‘‘म्हणजे झाँसीची झाशी झाली तशीच ही,’’ त्या म्हणाल्या. अगदी तशीच. दोन्हींत ‘सी’ची ‘शी’ झाली आणि दोन्हींत ‘आँ’चा नाकातला सूर गेला. हँसना–हसणे, आँसू–आसू, यांतही तो गेलेला आहे. जुन्या मराठी छपाईत या गेलेल्या सुराची खूण म्हणून डोक्यावर टिंब देत, ‘झांशी’ असं लिहीत. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चार नसलेली ती टिंबं काढून टाकली. कोकणातल्या नेवाळकरांना किंवा त्यांच्याही आधी 1742मध्ये सुभेदार म्हणून आलेल्या नारोशंकरांना या गावाचं नाव बदलायचं नव्हतं. त्यांच्या बरोबर आलेल्या माणसांनी ते फक्त मराठी शब्दासारखं उच्चारलं.

गावाच्या नावाची एक दंतकथा आहे. ओरछ्याचे राजा बीरसिंहदेव यांनी 1613 साली इथला किल्ला बांधला. ओरछ्याहून तो दिसतो का असं कुणाला विचारलं, तेव्हा उत्तर आलं, ‘झाईं-सी’ दिसतो, म्हणजे सावलीसारखं काहीतरी. त्यावरून झाँसी. ही कथा खरी मानायला माझं मन तयार नाही, गावांच्या नावांच्या कथा बहुधा नंतर रचलेल्या असतात. पण तिच्यातला तो ‘सी’ मला सोडवेना. हिंदीत छोटा-सा घर, छोटी-सी गली. हाच प्रत्यय मराठीतही आहे : छोटासा वाडा, छोटीशी गल्ली, लहानसा, लहानशी. तेव्हा कथा खरी असो वा खोटी, हिंदीच्या ‘झाईं-सी’ला मराठीने ‘शी’ म्हणावं हेच मराठीच्या कायद्याला धरून आहे.

इथेच गेटखाली उलटा प्रवासही चालू असतो. बुंदेली बोलणारा माणूस शहराला ‘सहर’ म्हणतो, लग्नाला ‘सादी’, देशाला ‘देस’. त्याच्या जुन्या घरगुती बोलीत ‘श’लाच जागा नाही, मग पुढे कोणताही स्वर असो. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं ‘सिंधिया’ झालं ते याच हवेत. एकाच दरवाजातून ‘सी’ आत येताना ‘शी’ होते आणि ‘शि’ बाहेर जाताना ‘सि’ होते. पाच हातांच्या अंतरावर दोन भाषांच्या रिकाम्या जागा वेगळ्या आहेत. त्यामुळे अमुक एक शब्द असू शकतो का, असा मोघम प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. कुठल्या भाषेत, हे आधी सांगावं लागतं.

आता आक्षेप. मी लिहीत असताना मनातला वाचक मघापासून हात वर करून बसला आहे. सीता? सिंह? सीमा? सिनेमा, सीट, सिगरेट? पैसे, मासे, ससे, असे, कसे? आणि ती दासी?

सोप्यापासून घेऊ. ‘ए’पुरता हा कायदा अर्धा विझला आहे. जुन्या शब्दांच्या आरंभी तो दिसतो : शेत, शेज, शेट. पण अनेकवचनाचा ‘ए’ आला की आता कुणी बदलत नाही, ‘मासा’चे ‘मासे’च होतात. घोडा–घोडे या जोडीच्या वजनाने बहुधा ‘मासे’ला सावरून धरलं असावं, असं मला वाटतं. मात्र त्याच शब्दात ‘य’ आला की कायदा पुन्हा जागा होतो. घोड्याला म्हणतो तसं ‘मास्याला’ व्हायला हवं होतं, ते झालं ‘माशाला’. पैसे, पण पैशाला. ससे, पण सशाला. ‘य’ ऐकू येत नाही, त्याने केलेला बदल तेवढा राहिला आहे.

सीता, सिंह, सीमा, दासी हे शब्द प्राकृताच्या वाटेने आलेच नाहीत. ते पोथीतून, संस्कृतातून थेट आले आणि आपलं रूप सांभाळून राहिले. म्हणून एकाच मराठीत ‘सीमा’ आणि ‘शीव’ दोन्ही आहेत, एक देशाची आणि एक गावाची. कुणी विचारेल, जुन्या ओव्यांत ‘देवासी’, ‘तुजसी’ अशी रूपं सापडतात, आज आपण ‘देवाशी’, ‘तुझ्याशी’ म्हणतो, त्यांचं काय? ती लेखनातली रूपं आहेत.  लिहिणारा ती वाचताना काय उच्चारत होता, हे अक्षर सांगत नाही.

मग इंग्रजी आली. सुरुवातीला तिलाही कायदा लागला : शिमिट, शिगरेट, शिनेमा. नंतर शाळा वाढल्या, रेडिओ आला, आणि ‘शिनेमा’ अडाण्यांचा ठरला. आज पुण्यातलं कुठलंही पोर ‘सीट’ आणि ‘शीट’ यांत गल्लत करत नाही. बसमध्ये ‘सीट’ असते आणि कागदाची ‘शीट’ असते. जी जागा शेकडो वर्षं नियमाने रिकामी होती, ती पोथ्यांनी आणि शाळांनी भरून काढली. त्या भरलेल्या भागात आता योगायोगाच्याही रिकाम्या जागा तयार झाल्या आहेत. ‘सिटोन’ नावाचं औषध उद्या निघालं तर कुणी नाक मुरडणार नाही.

तेव्हा ‘सी’ मराठीत चालते की नाही? मला वाटतं, प्रश्न असा विचारला की उत्तर चुकणारच. मराठीच्या शब्दसंग्रहाला थर आहेत. गोठा, चूल, शेत, नाती यांचा एक थर, पोथीचा दुसरा, कचेरी–दवाखाना–सिनेमाचा तिसरा. औषधाचं नाव म्हणून ‘सिटोन’ बिनतक्रार जातं. पण तोच शब्द ‘नांगराचा एक भाग’ म्हणून सांगून पाहा. ऐकणारा क्षणभर थबकेल, आणि दुसऱ्यांदा म्हणताना कदाचित ‘शिटोण’ म्हणेल. शब्द मनातल्या मनात तपासताना आपण तो नुसता उच्चारत नाही, तो कोणत्या घरातून आल्याचं सांगतोय तेही ताडून पाहतो. खोटा शब्द पकडला जातो तो बहुतेक वेळा इथे. थरांच्या सीमेवर तर भांडणंही चालतात. ‘रहिवासी’ की ‘रहिवाशी’? ‘संन्यासी’ की ‘संन्याशी’? पोथीचा थर एकीकडे ओढतो, घरचा दुसरीकडे. आणि ‘प्रवासी’ लिहिण्याचा आग्रह धरणारा माणूसही अनेकवचनात बिनदिक्कत ‘प्रवाशांनी’ म्हणतो.

कायदा जुन्या शब्दांत गोठून राहिला आहे की अजून जिवंत आहे, हे मात्र जुने शब्द तपासून कळणार नाही. ‘अशी’, ‘कशी’ ही रूपं माणसाने नुसती ऐकून पाठ केलेली असू शकतात. त्यासाठी असा शब्द हवा जो त्याने जन्मात ऐकलेला नाही. जीन बर्को यांनी 1958 साली नेमकं हेच केलं. लहान मुलांना एका पाखरासारख्या प्राण्याचं चित्र दाखवून सांगितलं, हा ‘वग’. मग दोन दाखवले आणि वाक्य अर्धं सोडलं. मुलांनी अनेकवचन लावून ते पुरं केलं. ‘वग’ कुणी ऐकलेलाच नव्हता, म्हणजे पाठांतर शक्यच नव्हतं. नियम मुलांच्या डोक्यात होता.

आमच्या ओट्यावर वीज अजून आली नव्हती. मी नातवाला सांगितलं, एक नवा शब्द आहे, ‘ढोबसा’. जो खूप खातो आणि ओट्यावर लोळतो तो ढोबसा. हा बघ, ढोबसा मुलगा. आणि ही... मी थांबले. तो म्हणाला, ‘‘ढोबशी मुलगी.’’ विचार न करता, आणि बहिणीकडे बोट दाखवून. शेजारचा त्याचा मित्र पायरीवर बसला होता, बुंदेली घरातला. त्याला हिंदीत तेच विचारलं : ढोबसा लड़का, और...? ‘‘ढोबसी लड़की.’’

मला अर्थातच भारी आनंद झाला. पण दोन मुलं म्हणजे प्रयोग नव्हे, हेही खरं. एकाच शब्दावर विसंबलं तर तो शब्द कुणाची तरी सावली घेऊन येतो. ‘ढोबसा’च्या मागे ‘ढोबळ’ आहे, ‘अशी–तशी’च्या यमकाचा ओढा आहे. मुलाने नियम लावला की नुसती चाल धरली, हे एका उत्तरावरून सांगता येत नाही. खरंच तपासायचं तर असे दहा-बारा शब्द हवेत, कुणाशी फारसे न मिळणारे. मध्ये मध्ये ‘ढोबटा–ढोबटी’सारखे, ज्यांत काही बदलायला नको असे शब्द पेरायला हवेत, म्हणजे ऐकणाऱ्याला कशाची परीक्षा चालू आहे ते कळणार नाही. आणि सगळं तोंडी. कागदावर ‘ढोबसा’ लिहून दिला की ‘स’ डोळ्यांपुढे उभा राहतो आणि शिकलेला माणूस तो जपायला जातो. विचारणाऱ्याचाही पाय घसरू शकतो. मी मुलीच्या वेळी मुद्दाम थांबले, माझ्या चेहऱ्यावर अपेक्षा दिसली असेल.

आणखी एक सावधगिरी. ‘असू शकतो की नाही’ याला हो आणि नाही अशी दोनच उत्तरं नसतात. अमेरिकेत ग्रीनबर्ग आणि जेंकिन्स यांनी 1964 साली दाखवलं, की लोक खोट्या शब्दांना पायऱ्या लावतात. काही अगदी आपले, काही जरा लांबचे, काही पारच परके. नातवाचंही तसंच झालं. ‘टोभूळ’ला तो लगेच हो म्हणाला. ‘टाशी’ला हो म्हणाला. ‘टासी’ला म्हणाला, ‘‘हिंदी आहे.’’ आणि ‘ळोभूट’ला तर तो शब्दच मानायला तयार नव्हता. ‘टासी’ आणि ‘ळोभूट’ दोन्ही नियमाने बाहेरचे, पण एकाला राहायला दुसरं घर आहे, दुसऱ्याला या गल्लीत कुठेच नाही. हिंदीत तर ‘ळ’च नाही. शेजारच्या मित्राने ‘टोभूळ’ म्हणून पाहिला तेव्हा तो ‘टोभूल’ झाला होता.

एक गोष्ट मी ठरवून विचारली नव्हती. खेळता खेळता नातू म्हणाला, ‘‘मी टोभळावर चढलो.’’ टोभूळ, पण टोभळावर. तांदूळ–तांदळाचा. मधला ‘ऊ’ त्याने आपणहून गाळला. काकूंनी मात्र नंतर ‘टोभुळावर’ म्हटलं, गांडूळ–गांडुळाचा या चालीने. आजी आणि नातू यांत कोण बरोबर, हे ठरवायला तसं झाड मुळात नव्हतं.

रात्री वीज आली. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक गाभण मांजर येऊन बसली आणि मुलांनी तिचं नाव ठेवून टाकलं. मी निघाले तेव्हा नातू पायरीवर उभा राहून मित्राला सांगत होता, ‘‘अबे, ढोबसी को दूध पिला दे.’’ आणि मग आत तोंड करून, ‘‘आजी, ढोबशी परत आली गं.’’